धूसर पार्श्वभूमीवर बसवलेली व्यक्ती तरंगते तेव्हा: पायाखालच्या जमिनीचा फोकस कसा जुळवावा

एका छायाचित्रातून कापून घेतलेली उभी व्यक्ती दुसऱ्या छायाचित्रात बसवली, प्रकाशाची दिशा आणि रंग जुळवले, पायाखाली सावलीही रंगवली, इथपर्यंत सारे ठीक दिसते. मग व्यक्ती उठून दिसावी म्हणून पार्श्वभूमी थोडी धूसर केली जाते आणि त्याच क्षणी व्यक्तीचे पाय जमिनीवरून सुटतात. ती काचेवर चिकटवलेल्या चित्रासारखी हवेत राहते. बहुतेक जण यानंतर सावली अधिक गडद करतात, कडा मऊ करतात, रंग पुन्हा तपासतात, आणि यांपैकी कशानेही फरक पडत नाही. याचे कारण असे की, दोष व्यक्तीत किंवा तिच्या कडेत नसून तिच्या पायाखालच्या जमिनीत असतो.

लेन्स एखादी गोष्ट किती धूसर दाखवेल, हे ती गोष्ट फोकसच्या अंतरापासून किती पुढे वा मागे आहे यावर ठरते. मागची झाडे किंवा इमारती व्यक्तीपासून दूर असतात, त्यामुळे त्या धूसर दिसणे स्वाभाविक आहे. जमिनीचे मात्र तसे नाही. जमीन कॅमेऱ्यापाशी सुरू होते, व्यक्तीच्या तळव्याखालून जाते आणि क्षितिजापर्यंत अखंड पसरते. व्यक्तीवर फोकस असेल, तर जमिनीचा जो पट्टा नेमका तिच्या पायांच्या अंतरावर आहे तो तिच्याइतकाच स्पष्ट असला पाहिजे, आणि त्या पट्ट्यापासून मागे व पुढे धूसरपणा हळूहळू वाढत गेला पाहिजे. संपूर्ण पार्श्वभूमीला एकच ब्लर लावला की हा स्पष्ट पट्टा नाहीसा होतो. मग बुटाची शिवण स्पष्ट दिसते, पण बुटाला टेकलेला मातीचा कण विरघळलेला असतो. पाहणाऱ्याला याचे कारण शब्दांत सांगता येत नसले, तरी पाय आणि जमीन वेगवेगळ्या अंतरांवर आहेत एवढे त्याच्या नजरेला लगेच कळते.

आधी निदान

व्यक्ती तरंगण्याचे दुसरे एक कारण असू शकते आणि ते आधी बाजूला काढावे, नाहीतर फोकसवर घेतलेले सारे श्रम वाया जातात. पार्श्वभूमीच्या छायाचित्रातील क्षितिजरेषा शोधा. ती प्रत्यक्ष दिसत नसेल, तर जमिनीवरच्या समांतर रेषा, म्हणजे फरशीचे सांधे किंवा रस्त्याच्या दोन्ही कडा, दूरवर वाढवून जिथे एकमेकींना मिळतात तिथून आडवी रेषा ओढा. सपाट जमिनीवर क्षितिजरेषा उभ्या असलेल्या प्रत्येक व्यक्तीला कॅमेऱ्याच्या उंचीइतक्या उंचीवर छेदते. कॅमेरा जमिनीपासून 1.2 मीटरवर असेल, तर ती रेषा सर्वसाधारण उंचीच्या माणसाच्या कमरेच्या किंचित वरून जायला हवी. तुमच्या चित्रात ती त्याच्या गुडघ्यातून किंवा कपाळातून जात असेल, तर व्यक्तीचा आकार किंवा जागा चुकली आहे आणि ती चूक कोणत्याही ब्लरने झाकली जाणार नाही.

ही तपासणी पार पडल्यावर चित्र 100% आकारात पाहा. केवळ पावले आणि त्यांच्या भोवतीची हातभर जमीन पडद्यावर राहील इतके जवळ जा आणि बुटाच्या पोताची जमिनीच्या पोताशी तुलना करा. दोन्हींच्या स्पष्टतेत ठळक फरक दिसला तर हा लेख तुमच्या अडचणीसाठीच आहे. चित्र पडद्यावर मावेल इतके लहान करून ही तुलना करू नये, कारण लहान केल्यावर सगळेच स्पष्ट भासते आणि फरक लपतो.

जमिनीवर धूसरपणा कोणत्या प्रमाणात वाढतो

अनेक मार्गदर्शक लेखांत ‘पायाशी कमी आणि मागे जास्त ब्लर द्या’ एवढेच सांगितलेले असते आणि पुढचे नजरेवर सोडलेले असते. खरे तर येथे अंदाज करण्याची गरजच नाही. सपाट जमिनीसाठी हे प्रमाण अचूक आहे आणि विलक्षण सोपेही आहे, म्हणून त्याची थोडी उकल करतो.

लेन्सचे फोकल अंतर `f`, अ‍ॅपर्चरचा आकडा `N` आणि फोकसचे अंतर `s` असेल, तर फोकसबाहेरचा बिंदू सेन्सरवर एका लहान वर्तुळाच्या रूपात पसरतो. त्या वर्तुळाचा व्यास असा मिळतो:

```
C    = f² / (N × (s − f))      (अतिदूरच्या बिंदूसाठी)
c(d) = C × |d − s| / d         (d अंतरावरच्या बिंदूसाठी)
```

दुसरी ओळ `C × |1 − s/d|` अशीही लिहिता येते, म्हणजे धूसरपणा अंतराच्या व्यस्तावर, `1/d` वर, अवलंबून आहे. आता सपाट जमिनीवरचा एखादा बिंदू चित्रात क्षितिजरेषेच्या किती खाली दिसतो हे पाहिले, तर तेही `1/d` च्याच प्रमाणात असते: अंतर दुप्पट झाले की बिंदू क्षितिजाच्या निम्म्याने जवळ येतो. दोन्ही गोष्टी एकाच राशीवर चालत असल्यामुळे चित्रातील जमिनीवर धूसरपणा सरळ रेषेत वाढतो. पायांच्या ओळीवर तो शून्य असतो, क्षितिजरेषेवर कमाल असतो, आणि दोहोंच्या बरोबर मध्यावर कमाल मूल्याच्या निम्मा असतो. पायांच्या खालच्या बाजूला, म्हणजे कॅमेऱ्याकडे येताना, तो त्याच उताराने पुन्हा वाढतो. म्हणजेच एक साधा सरळ ग्रेडियंट येथे ओढूनताणून केलेली तडजोड नसून भूमितीने दिलेले उत्तर आहे. हे प्रथम लक्षात आले तेव्हा मी कित्येक महिने हाताने रंगवलेले मास्क बाजूला ठेवले.

एक उदाहरण आकड्यांसह

समजा, पार्श्वभूमीचे छायाचित्र 6000 × 4000 पिक्सेलचे आहे, 36 मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर 50 मिलिमीटरच्या लेन्सने, 1.2 मीटर उंचीवर कॅमेरा समतल धरून घेतलेले आहे, आणि जवळपास सगळे स्पष्ट आहे. क्षितिजरेषा वरून 2000 व्या ओळीवर आहे. व्यक्ती कॅमेऱ्यापासून 6 मीटरवर उभी करायची आहे आणि चित्र f/2 वर घेतल्यासारखे दिसायला हवे आहे.

50 मिलिमीटर म्हणजे या चित्रात सुमारे 8333 पिक्सेल होतात. त्यामुळे 6 मीटरवरचे पाय क्षितिजाच्या 8333 × 1.2 ÷ 6, म्हणजे सुमारे 1667 पिक्सेल खाली, 3667 व्या ओळीवर येतील. 1.7 मीटर उंचीची व्यक्ती साधारण 2360 पिक्सेल उंच दिसेल. अतिदूरच्या बिंदूचे धूसर वर्तुळ 2500 ÷ (2 × 5950), म्हणजे 0.21 मिलिमीटर होते आणि पिक्सेलमध्ये त्याचा व्यास सुमारे 35 येतो.

आता जमिनीवरून वर सरकत जाऊ. 3667 व्या ओळीवर व्यास शून्य आहे. 3250 व्या ओळीवरची जमीन कॅमेऱ्यापासून 8 मीटरवर आहे आणि तिथे व्यास सुमारे 9 पिक्सेल आहे. 2833 वी ओळ ही पाय आणि क्षितिज यांचा मध्य. तिथली जमीन 12 मीटरवर आहे आणि व्यास 17 ते 18 पिक्सेल आहे. क्षितिजाशी तो 35 होतो. खालच्या बाजूला चित्राची शेवटची ओळ 5 मीटरवरची जमीन दाखवते आणि तिथे व्यास 7 पिक्सेल आहे. बुटांच्या पुढची जमीन चित्राच्या कडेशी किंचित धूसर होणे हा तपशील बहुतेक कामांत विसरला जातो. व्यक्ती जमिनीत रोवल्यासारखी दिसण्यात मागच्या ब्लरइतकाच त्याचाही वाटा असतो, असा माझा अनुभव आहे.

हेच चित्र सरसकट 35 पिक्सेलने धूसर केले असते, तर पायाखाली जिथे शून्य हवे तिथेही 35 मिळाले असते. तरंगण्याचे मूळ ते हेच.

फोटोशॉपमध्ये प्रत्यक्ष कृती

व्यक्तीचा लेयर वेगळा आणि बंद ठेवा, पार्श्वभूमीची प्रत काढा आणि `Channels` मध्ये एक नवीन अल्फा चॅनल तयार करा. ग्रेडियंटच्या प्रकारांपैकी `Reflected Gradient` निवडा, काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारा. पायांच्या ओळीवर सुरुवात करून तो सरळ वर क्षितिजरेषेपर्यंत ओढा. हा प्रकार सुरुवातीच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच उताराने उजळत जातो आणि आपल्याला हवे आहे ते नेमके तेच. जिम्पमध्ये याच ग्रेडियंटचे नाव `Bi-linear` असे आहे. क्षितिजाच्या वरचा सारा भाग आपोआप पांढरा होतो आणि दूरच्या आकाशासाठी ते बरोबरच आहे.

येथे एक बारीक अडथळा आहे. ग्रेडियंट एडिटरमधील `Smoothness` 100% वर असेल तर ग्रेडियंट दोन्ही टोकांशी वाकतो आणि सरळ उतार बिघडतो. तो 0% वर आणा आणि मग पायांच्या ओळीपासून क्षितिजाकडे एक-चतुर्थांश अंतरावर कर्सर नेऊन `Info` पॅनेलमध्ये मूल्य पाहा. ते पूर्ण पांढऱ्याच्या एक-चतुर्थांश दिसले पाहिजे. दिसले नाही, तर ग्रेडियंट पुन्हा ओढावा, पुढे जाऊ नये.

यानंतर प्रतीवर `Filter > Blur > Lens Blur…` उघडा, `Source` मध्ये तो अल्फा चॅनल निवडा आणि `Blur Focal Distance` 0 ठेवा, म्हणजे काळा भाग स्पष्ट राहील. राहिला प्रश्न `Radius` चा. आपण वर काढलेला आकडा व्यासाचा आहे, त्रिज्येचा नाही, आणि ही गल्लत झाली की ब्लर दुप्पट होतो. फिल्टरच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा एक चाचणी करावी: 16-बिट फाइलमधल्या काळ्या लेयरवर एक-दोन पिक्सेलचा पांढरा ठिपका काढा, त्याला चॅनल न लावता हाच फिल्टर द्या आणि तयार झालेली अतिशय मंद चकती `Levels` ने उजळून मोजा. 35 पिक्सेलची चकती ज्या आकड्यावर मिळेल, तोच आकडा वापरा. `Gaussian Blur` या कामासाठी घेऊ नये. तो प्रकाशाचे ठिपके धुक्यासारखे पसरवतो, तर लेन्स त्यांच्या कडा असलेल्या चकत्या बनवते, आणि दूरवर दिवे किंवा पानांतून येणारे कवडसे असतील तर हा फरक झाकत नाही.

जमिनीवर उभ्या असलेल्या वस्तू

नुसता ग्रेडियंट लावून काम थांबवले, तर एक नवी विकृती दिसते: मागचा खांब बुंध्याशी थोडा स्पष्ट आणि शेंड्याकडे अधिकाधिक धूसर होत जातो, आणि सारे दृश्य खेळण्यातल्या लहानशा गावासारखे भासू लागते. खांब उभा आहे, म्हणून त्याचा बुंधा आणि शेंडा कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. त्याचा संपूर्ण आकार अल्फा चॅनलमध्ये एकाच करड्या छटेने भरला पाहिजे आणि ती छटा त्याच्या बुंध्यापाशी जमिनीची जी छटा आहे तीच असली पाहिजे. वरच्या उदाहरणात 2833 व्या ओळीवर टेकलेला खांब आकाशात कितीही वर गेला, तरी तो सगळा 50% करडा राहील. कॅमेऱ्याकडे तोंड करून असलेल्या भिंतीचेही तसेच. कॅमेऱ्यापासून दूर जाणाऱ्या बाजूच्या भिंतीत मात्र प्रत्येक उभ्या रेषेला तिच्या पायथ्याची छटा मिळते, म्हणून तिथे ग्रेडियंट आडवा चालतो.

प्रत्येक झुडूप असे रंगवण्याची गरज नाही. व्यक्तीच्या जवळपास उभ्या असलेल्या आणि क्षितिजाच्या वर डोके काढणाऱ्या मोठ्या वस्तू तेवढ्या उरकाव्यात. खांबाच्या कडेला त्याच्याच रंगाची झालर दिसू लागली, तर खांब वेगळ्या लेयरवर काढून त्याच्यामागची जागा आधी भरून घ्यावी आणि दोन्ही लेयर स्वतंत्रपणे धूसर करावेत.

सावली कोणत्या टप्प्यावर घालावी

सावली जमिनीवर पडलेली असते, म्हणून ती जमिनीचाच भाग आहे. ती ब्लरनंतर वेगळ्या लेयरवर रंगवली, तर मागे पसरलेल्या सावलीची कड जमिनीपेक्षा स्पष्ट राहते आणि व्यक्ती पुन्हा सुटते. सावली आधी रंगवावी, पार्श्वभूमीच्या प्रतीत मिसळावी आणि मग दोन्हींना एकत्रच `Lens Blur` द्यावा. असे केल्यावर टाचेशी सावली घट्ट राहते आणि दूर जाताना जमिनीबरोबरच मऊ होते. तळव्याखालची एक-दोन पिक्सेलची अतिगडद रेघही यातच धरावी. ती शून्य ब्लरच्या पट्ट्यात असल्यामुळे तिला धक्का लागत नाही.

व्यक्तीची स्वतःची स्पष्टता

जमीन जुळल्यावरही व्यक्ती किंचित ‘चिकटवलेली’ वाटत असेल, तर बहुधा ती वाजवीपेक्षा जास्त स्पष्ट असते. मोठ्या छायाचित्रातली व्यक्ती 40% पर्यंत लहान केली की तिचा तपशील दाटतो आणि पार्श्वभूमी टिपणाऱ्या लेन्सला जमली नसती इतकी ती धारदार होते. अशा वेळी पायाखालच्या स्पष्ट पट्ट्याला प्रमाण मानावे. तिथल्या खडीची किंवा गवताच्या पात्याची कड 100% आकारात जितक्या पिक्सेलमध्ये उजळ-गडद होते, तितक्याच पिक्सेलमध्ये बुटाची कड झाली पाहिजे. त्यासाठी व्यक्तीला 0.5 ते 0.8 पिक्सेलचा `Gaussian Blur` साधारणतः पुरतो. हाच ब्लर कापलेल्या कडेलाही मिळू द्यावा, पण कड वेगळी आणखी मऊ करू नये. फोकसमधल्या माणसाची कड आठ-दहा पिक्सेल पसरलेली कधीच नसते, आणि तशी ती केली की अंगाभोवती विरलेली किनार उमटते.

व्यक्तीने हात कॅमेऱ्याकडे पुढे केलेला असेल, तर त्याच सूत्राने तपासावे. आपल्या उदाहरणात 60 सेंटिमीटर पुढे आलेल्या तळहाताचे धूसर वर्तुळ सुमारे 4 पिक्सेलचे येते. मोठ्या छपाईत ते जाणवते, पडद्यावर बहुधा नाही. अंगावरून हाताकडे जाणारा सौम्य मास्क एवढ्यासाठी पुरेसा आहे.

ब्लर पार्श्वभूमीतला कणीदारपणा पुसून टाकतो, पण व्यक्तीवर तो तसाच राहतो. शेवटी धूसर भागावर `Add Noise` ने तो परत आणावा आणि पायांजवळच्या पट्ट्यातील कणांशी ताडून पाहावा.

पार्श्वभूमी कॅमेऱ्यातच धूसर झालेली असेल तर

इथे परिस्थिती उलटते. धूसरपणा आधीच ठरलेला असतो आणि आपल्याला तो शोधावा लागतो. जमिनीवर सर्वांत स्पष्ट पट्टा कोणत्या ओळीवर आहे ते पाहा, कारण छायाचित्रकाराने फोकस तिथेच धरला होता. स्पष्ट व्यक्तीचे पाय त्याच ओळीवर आले पाहिजेत आणि मग तिचा आकार क्षितिजरेषेच्या कसोटीने ठरवावा. ती त्यापेक्षा मागेच उभी करणे भाग असेल, तर त्या ओळीवर जमीन जितकी धूसर आहे तितकाच `Lens Blur` व्यक्तीलाही द्यावा लागेल. त्यासाठी त्या ओळीजवळचा एखादा चमकता ठिपका शोधून त्याच्या चकतीचा व्यास मोजता येतो. ठिपका नसेल, तर सरळ ग्रेडियंटचा नियमच कामी येतो: क्षितिजाजवळच्या एखाद्या दिव्याची चकती मोजा आणि स्पष्ट पट्टा ते क्षितिज या अंतराच्या किती हिश्श्यावर पाय आहेत, त्या हिश्श्याने गुणा. चकती 40 पिक्सेलची आणि पाय एक-चतुर्थांश अंतरावर असतील, तर व्यक्तीला 10 पिक्सेल व्यासाचा ब्लर हवा.

काही छायाचित्रांत स्पष्ट पट्टा चौकटीत कुठेच नसतो, सगळी जमीन धूसर असते. अशा जागी स्पष्ट व्यक्ती पायांसकट बसवण्याचा हट्ट मी सोडून दिला आहे. जमिनीचा हरवलेला तपशील परत आणता येत नाही, आणि दुसरीकडून आणलेला स्पष्ट जमिनीचा तुकडा रंगात व पोतात क्वचितच मिसळतो. व्यक्ती गुडघ्याच्या वर किंवा कमरेशी चौकटीने कापावी. पाय आणि जमीन यांची भेटच चित्रात राहिली नाही, तर मागचे दूरचे दृश्य धूसर असणे पूर्णपणे पटते.

जमीन सपाट नसेल, उदाहरणार्थ पायऱ्या किंवा चढ असेल, तर क्षितिजापर्यंतचा एकच ग्रेडियंट चालत नाही. पायऱ्यांवर प्रत्येक आडव्या पृष्ठभागाचे अंतर वेगळे काढावे लागते आणि त्यांच्या उभ्या बाजूंना खांबाचा नियम लागू होतो. एकसारख्या चढावर ग्रेडियंट सरळच राहतो, पण त्याचे पांढरे टोक क्षितिजावर नसून त्या चढावरच्या समांतर रेषा जिथे मिळतात तिथे, म्हणजे क्षितिजाच्या वर, असते.